मागचे हुक, आखडलेला खांदा आणि सगळ्यांची लॅव्हेंडर साडी

वाचक लिहितात: माझं वय 66. उजवा खांदा आखडलाय, हात पाठीमागे जातच नाही, आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतं त्यामुळे बारीक हुक लागत नाहीत. दीड महिन्यावर भाचीचं लग्न आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाला घरातल्या सगळ्या बायकांनी फिकट लॅव्हेंडर नेसायचं ठरलंय आणि मला ऑर्गेन्झाची साडी मिळाली आहे. टेलर म्हणतो ब्लाउजला मागेच हुक लावू, साडी उठून दिसेल. बहीण म्हणते स्ट्रेचचं रेडिमेड घे, हुकांची कटकटच नको. मला दर वेळी सुनेला हाक मारायची लाज वाटते. शिवाय या वयात फिकटच शोभतं म्हणतात पण तो रंग अंगावर धरला की मी आजारी दिसते. साधा सुती कुर्ता घालून मागे बसून राहावं असं वाटायला लागलंय. काय करू?

---

ताई, कुर्त्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. कुर्ता वाईट असतो असं नाही, पण तुम्ही तो आवडतो म्हणून घालणार नाही आहात, हुकांना कंटाळून घालणार आहात, आणि हुकांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. आधी मला सांगा, घरच्यांनी तुम्हाला नक्की काय सांगितलंय? लॅव्हेंडर रंग, एवढंच ना? फोटोत सगळ्या एका रंगात दिसाव्यात ही त्यांची हौस. ऑर्गेन्झाच हवं, मागेच हुक हवेत, अंगाला चिकटून बसणारी बाही हवी, असं कोणी म्हटलंय का? बहुतेक नाही. साडी हातात पडली आणि बाकीचं सगळं आपण त्यात धरूनच चाललो. म्हणजे रंग त्यांचा, पण कापड, कट आणि बंद करायची पद्धत हे सगळं तुमच्या हातात आहे, आणि दीड महिना भरपूर झाला.

आता सुनेचं. तुम्ही लाज म्हणताय ते मला कळतं, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. तयार होताना एकदाच लागणारी मदत, म्हणजे निऱ्या घालून देणं, खांद्यावर पदर लावून देणं, ती 25 वर्षांच्या मुलीसुद्धा एकमेकींकडून घेतातच, त्यात कसली लाज. पण बाथरूमला जाऊन आल्यावर किंवा एखादा हुक सुटल्यावर जी मदत लागते ती वेगळी, कारण ती कधी लागेल ते माहीत नसतं आणि त्या वेळी सून कुठल्या कोपऱ्यात असेल तेही माहीत नसतं. म्हणून कपडे ठरवताना मी एकच विचारते: कार्यक्रम सुरू झाल्यावर हे मला एकटीला उघडता-लावता येईल का? नाही म्हटलं की ते बाद, कितीही छान दिसत असो.

ब्लाउजपासून सुरू करू, खरी मेख तिथेच आहे. बहिणीचा सल्ला प्रेमाचा आहे पण तुमच्या खांद्याला तो उलटा पडेल. स्ट्रेचच्या ब्लाउजला हुक नसतात हे खरं, पण ते डोक्यावरून घालावं लागतं, म्हणजे दोन्ही हात वर. आणि काढताना तर आणखी वाईट, घामाने अंगाला चिकटलेलं कापड, हात डोक्यावर अडकलेले, आणि खांदा नेमका तिथेच अडतो. ज्यांची फक्त बोटं दुखतात आणि खांदे मोकळे आहेत त्यांना स्ट्रेच उत्तम. ज्यांचा खांदा आखडलाय त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. बगलेत चेन लावतात त्या ब्लाउजचंही तेच, चेन बाजूला असली तरी ब्लाउज जातं डोक्यावरूनच.

तुम्हाला हवं पुढे पूर्ण उघडणारं ब्लाउज, वरपासून खालपर्यंत, म्हणजे ते शर्टासारखं अंगावर चढवता येतं. घालायची पद्धतही ठरलेली आहे आणि ती साठीतल्या प्रत्येकीने शिकून घ्यावी. खुर्चीत बसायचं, दुखरा हात आधी बाहीत घालायचा (तुमचा उजवा), चांगल्या हाताने ती बाही थेट खांद्यापर्यंत वर ओढून घ्यायची, मग ब्लाउज मानेमागून दुसऱ्या बाजूला आणायचं आणि चांगला हात शेवटी घालायचा. काढताना बरोब्बर उलट, चांगला हात आधी बाहेर, दुखरा शेवटी. बऱ्याच जणी चांगला हात आधी घालतात कारण तो पटकन जातो, आणि मग दुखऱ्या हाताला पाठीमागे वळून बाही शोधावी लागते. तिथेच कळ येते.

टेलरला मागे हुक का हवेत? कारण पुढचा भाग सलग दिसतो. पण साडी नेसल्यावर पुढच्या पट्टीवरून पदर जातो हो, ती दिसते किती? पाठ मात्र उघडी दिसते. तेव्हा पाठीवर काय करायचं ते करू दे त्याला, खोटी बटणं लावू दे, नॉट लावू दे, लटकन लावू दे, सगळं नुसतं शोभेचं, पक्कं शिवलेलं, आणि उघडणं पुढे. हे त्याला नीट समजावून सांगा, नाहीतर तो मान डोलावेल आणि सवयीने मागेच हुक लावून देईल. कागदावर लिहून कापडाच्या पिशवीलाच टाचा. खरंच सांगतेय.

आता हुक. आपल्याला वाटतं हुक बारीक आहेत म्हणून लागत नाहीत, पण बऱ्याच वेळा हुक लागत नाही कारण ब्लाउज घट्ट असतं. दोन्ही पट्ट्या ओढून एकमेकींवर आणायच्या, ताणून धरायच्या आणि त्याच वेळी आकड्यात आकडा घालायचा, ही तीन कामं एकदम करायला अंगठ्यात जोर लागतो. करून बघा, जुनं सैल झालेलं ब्लाउज घ्या, त्याचे तेवढेच बारीक हुक तुम्हाला त्यामानाने सोपे जातील. म्हणून पहिलं काम मापाचं. माप बसून द्या आणि पोटभर श्वास घेऊन द्या, कारण बसल्यावर छातीखालचा घेर वाढतो आणि टेलर आपलं माप नेहमी उभ्याने घेतो. छातीच्या मापात इंच-दीड इंच सैल ठेवायला सांगा. हुक लावल्यावर खालच्या पट्टीतून दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. "फिटिंग जाईल" असं तो म्हणेल, म्हणू दे. अंगाला चिकटलेलं ब्लाउज या वयात पाठीवर वळ्या दाखवतं, थोडं मोकळं असलेलं सरळ पडतं आणि जास्त नेटकं दिसतं.

माप सुटसुटीत झालं की नेहमीच्या सहा-सात बारीक हुकांऐवजी मोठे चार पुरतात. तळाला कमरपट्टीवर पँटला असतो तसला चपटा मोठा हुक लावून घ्या, तो बोटांच्या टोकांनी चिमटीत धरावा लागत नाही, नुसता सरकवला की बसतो. समोरच्या घरांसाठी धाग्याचे फास नकोत, धातूची घरं लावा, आणि ती ज्या पट्टीवर आहेत ती आतली पट्टी वेगळ्या रंगाची ठेवा. लॅव्हेंडरवर लॅव्हेंडर धाग्याचा फास आपल्या डोळ्यांना दिसणार कसा? हुक लावायला खालून सुरुवात करा, खालचा मोठा एकदा बसला की वरचे ओढाताण न करता लागतात. आणखी एक बारीकशी गोष्ट, हुक डाव्या पट्टीवर असावेत की उजव्या हे टेलर ठरवतो, पण तुमचा कोणता हात चांगला आहे ते त्याला माहीत नसतं. जी पट्टी चांगल्या हातात येईल तिच्यावर हुक हवेत, म्हणजे दुखऱ्या हाताला नुसतं घर धरून ठेवायचं काम राहतं.

चेन का नको, असं कोणी विचारेल. पुढे पूर्ण उघडणाऱ्या ब्लाउजला जॅकेटसारखी, खालून सुटी होणारी चेन लागते, आणि ती लावताना तळाशी त्या पिटुकल्या पिनेला खाचेत बसवावं लागतं. वर ओढणं सोपं असतं, अडतं ते तिथेच. ज्यांना ते जमतं त्यांनी जाड दातांची प्लास्टिकची चेन घ्यावी आणि ओढायच्या टोकाला एक रिंग अडकवावी, पण लपवलेली बारीक चेन मुळीच नको, ती अस्तरात अडकते आणि मग ना वर ना खाली. टिचबटणं उघडायला सोपी पण बंद करताना अंगठा दाबूनच लावावी लागतात, म्हणजे तुमच्या अंगठ्याला नेमकी चुकीची, शिवाय जरा वाकलं की फटकन उघडतात. वेल्क्रो सोपं आहे पण साडीच्या नाजूक कापडाला ते ओरबाडतं, धागे ओढतं. कॉटनच्या कुर्त्याला चालेल, ऑर्गेन्झा-जॉर्जेटजवळ नको.

हल्ली पट्टीत शिवायची मॅग्नेटची बटणंही मिळतात आणि हात थरथरणाऱ्यांसाठी ती फार छान आहेत, जवळ आणली की आपोआप चिकटतात. पण ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तसलं कुठलं यंत्र बसवलंय त्यांनी ती वापरायची नाहीत. मॅग्नेट त्या यंत्रापासून किमान 6 इंच लांब ठेवायला सांगतात आणि ब्लाउजची पट्टी तर थेट छातीवरच असते. तुम्हाला नसेल तरी हे वाचणाऱ्या कोणाला असेल, म्हणून लिहिलं.

बाहीबद्दल थोडं. आखडलेल्या खांद्याला मुंढा खोल करून द्या असं सगळे सांगतात, आणि हात घालायला तो सोपा जातोही, पण मुंढा फार खाली गेला तर हात जरा उचलला की अख्खं ब्लाउज वर ओढलं जातं आणि पोट उघडं पडतं. त्यापेक्षा मुंढा बेताचा ठेवून बगलेत कापडाचा छोटा चौकोनी तुकडा जोडून घ्यावा, हात घालायलाही जागा आणि हलवायलाही. बाहीचं माप दंडाच्या मापापेक्षा दीड-दोन इंच जास्त. कोपरापर्यंतची बाही हवी असेल तर तोंडाशी इंचभर चीर ठेवायला सांगा. आणि हो, आतल्या कपड्यांचं कोणी बोलत नाही पण निम्मा त्रास तिथेच असतो, ब्लाउजला पुढे हुक लावून घेतले आणि ब्रेसियरचे हुक मागेच राहिले तर काय उपयोग! पुढून बंद होणारी ब्रा मिळते, ती आधी आणा, दोन-तीनदा लावून बघा, आणि ब्लाउजचं माप तीच घालून द्या. ब्लाउजमध्ये कप शिवून घेतात तेही चालतं, पण छाती भारी असेल तर त्याने आधार पुरत नाही, खांद्यावर ओझं येतं.

आता कापड. ऑर्गेन्झा दिसतं हलकं आणि वजनालाही हलकंच असतं, पण मऊ नसतं. त्याचा धागा घट्ट पिळलेला असतो आणि कापड ताठ उभं राहावं हाच त्याचा गुण, म्हणून तर त्याचा पदर असा फुलतो. आपल्याला तो गुण कुठे नडतो? कमरेशी निऱ्या दबत नाहीत, पोटापाशी फुगा येतो, बसून उठलं की सुरकुत्या तशाच राहतात, आणि काठाची कडा मानेला नि हाताच्या आतल्या बाजूला घासते. साठीनंतर त्वचा कोरडी आणि पातळ होत जाते, पूर्वी जे टोचत नव्हतं ते आता टोचतं, हा मनाचा खेळ नाही. त्यामुळे जमत असेल तर साडी बदलून घ्या, त्याच रंगात क्रेप किंवा मऊ सिल्क. आणि भाचीला किंवा जिने आणली तिला सरळ सांगा, "रंग फार आवडला, कापड मला टोचतंय." यात रागवण्यासारखं काही नाही.

कापड निवडताना दुकानात आपण हातात घेऊन चुरगळून बघतो. हाताचा तळवा जाड, त्याला काय कळणार? कोपराच्या आतल्या बाजूला नाहीतर मानेला लावा आणि थोडं पुढे-मागे घासा, जरीची कडा आणि टिकल्यांची बाजूसुद्धा. तिथे चुरचुरलं तर चार तासांनी चट्टा उठणार. दुसरं, स्पर्शाला मऊ आणि पडायला मऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुळगुळीत सॅटिन स्पर्शाला लोण्यासारखं, पण निऱ्या हातातून घसरतात आणि पदर खांद्यावर ठरत नाही, मग पिनांवर पिना. क्रेपला किंचित खरखरीत पोत असतो, त्यामुळे ते अंगावर धरून राहतं आणि तरी सरळ खाली पडतं, म्हणून आपल्या कामाला ते जास्त चांगलं. पॉलिएस्टर जॉर्जेटही छान पडतं, पण त्यात हवा खेळत नाही, गर्दीत उकडतं.

ब्लाउजच्या कापडापेक्षा मी अस्तराकडे जास्त बघते, कारण अंगाला तेच लागतं. पातळ मऊ सुती अस्तर हवं, मलमलसारखं, आणि ते शिवण्याआधी पाण्यात भिजवून वाळवून इस्त्री करून द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि तुमचा तो मोजून ठेवलेला इंच जातो. जर-टिकल्यांचं काम असेल तर त्याची उलटी बाजू पूर्ण अस्तराखाली झाकलेली हवी, बगलेत आणि गळ्याशी तर काम नकोच. आतल्या शिवणीच्या कडाही झाकून घ्या, सुट्या धाग्यांची कडा बगलेत सगळ्यात जास्त टोचते.

साडी बदलता आली नाही तर? तरी चालेल. सुनेला एका दुपारी बसवा आणि साडी तुमच्या अंगावर नेसवून, निऱ्या आणि पदराच्या चुण्या जागच्या जागी सुईदोऱ्याने लांब-लांब टाक्यांनी धरून घ्या, निऱ्या एका रुंद कमरपट्टीला जोडून टाका. साडी कापायची नाही, टाके नंतर उसवता येतात. ऑर्गेन्झाच्या निऱ्यांवर पातळ कापड ठेवून कमी गरम इस्त्री फिरवली की फुगा बराच बसतो. परकराला नाडीऐवजी मागच्या अर्ध्या भागात रुंद इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी, तिच्यावर तोच पँटचा चपटा हुक. पूर्ण गोल इलॅस्टिक साडीच्या वजनाने हळूहळू खाली सरकतं आणि मग दर तासाला वर ओढत बसावं लागतं. तो घट्ट शेपवेअरचा परकर घेऊ नका, दिसतो छान, पण बाथरूममध्ये दुखऱ्या अंगठ्याने तो खाली-वर करून बघा म्हणजे कळेल. साडीची उंची त्या दिवशीच्याच चपला घालून ठरवा, निऱ्या जमिनीपासून थोड्या वर, पायात येता कामा नयेत.

रंगाकडे वळू, आणि इथे मला तुमच्याशी भांडायचंय थोडं. या वयात फिकटच शोभतं हे कोणी ठरवलं? आरसा तुम्हाला उलटं सांगतोय आणि तुम्ही आरशाला सोडून लोकांचं ऐकताय. वयानुसार केस पांढरे होतात, भुवया विरळ होतात, ओठांचा रंग उतरतो, म्हणजे चेहऱ्यावरच्या ज्या गडद रेषा होत्या त्याच फिक्या पडतात. त्याच्या शेजारी आणखी फिकट, धुरकट रंग आणला तर सगळंच एकात एक मिसळतं आणि चेहरा थकलेला वाटतो. तुम्ही आजारी दिसत नाही आहात, तुमच्या चेहऱ्याला शेजार मिळत नाहीये. ज्यांचा रंग सावळा आणि केस पांढरेशुभ्र त्यांना तर भरदार रंग विशेष खुलतात. याचा अर्थ काळा घाला असाही नाही. गळ्याशी गडद काळं असलं की खालून चेहऱ्यावर उजेडच उसळत नाही, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि हनुवटीच्या रेघा जास्त उठतात. मधले, स्वच्छ रंग सगळ्यात सोयीचे.

आणि इथेच तुमचा प्रश्न सुटतो. साडी लॅव्हेंडर राहू द्या, चेहऱ्याला लागून असतं ते ब्लाउज. ते त्याच जातीतलं पण खोल करा, पिकलेल्या जांभळासारखं किंवा जरा गुलाबीकडे झुकणारं वांगी. फोटोत तुम्ही बाकीच्यांच्या रंगातच दिसाल, पण चेहऱ्याखाली रंग भरलेला असेल. कापड चकाकणारं नको. सॅटिन आणि टिश्यूवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि नजर तिथेच जाते, मॅट क्रेप किंवा मऊ सुती-सिल्क घ्या. गळा थोडा उतरता गोल, पुढे हुक असले की तो आपसूक नीट बसतो.

नेमकी छटा कशी निवडायची? दोन-तीन ब्लाउज पीस आणा, दिवसा खिडकीसमोर आरशात बघा, चेहऱ्याला काही न लावता, एकेक कापड हनुवटीखाली धरा. आणि कापडाकडे बघू नका, डोळ्यांखालच्या सावल्यांकडे बघा. एका कापडाने त्या हलक्या होतात, दुसऱ्याने खोल होतात, फरक कळतो. पिवळट हिरव्यासारखे रंग हनुवटीखाली आपली झाक टाकतात, तेही तेव्हाच दिसतं. मग संध्याकाळी तीच कापडं पिवळ्या दिव्याखाली बघा, कारण कार्यक्रम संध्याकाळचा आहे आणि पिवळ्या उजेडात निळे-जांभळे रंग मळकट, काळपट होतात. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यात जांभळं वाटलेलं तिथे जवळजवळ काळं दिसू शकतं. म्हणून निळ्यापेक्षा लालसर झाक असलेलं जांभळं घ्या, ते टिकतं. या वेळी एखादी तरुण नजरही शेजारी असू द्या, कारण वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, आपल्याला निळ्या-जांभळ्या छटा मंद दिसतात, गडद निळं आणि काळं ओळखू येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बायका म्हणतातच ना, अगं सगळं किती निळं दिसायला लागलं! आणि एका डोळ्याचं झालं असेल आणि दुसऱ्याचं राहिलं असेल तर एकेक डोळा झाकून बघा, दोन वेगळे रंग दिसतील.

काका मंडळींनी हे सगळं बायकांचं म्हणून सोडून दिलं असेल तर थांबा. कुर्त्याच्या गळ्याची बारीक बटणं आणि सुरवारीची नाडी यांचं दुखणं तेच आहे. डोक्यावरून घालायच्या कुर्त्याऐवजी पुढे पूर्ण उघडणारा घ्या, वरून शोभेची बटणं आणि आत मोठे हुक, कोणाला कळणारही नाही. सुरवारीला मागे इलॅस्टिक.

तुमच्या दीड महिन्याचा हिशोब असा करा. पहिल्या आठवड्यात साडी बदलायची की तीच ठेवायची ते बोलून टाका आणि पुढून बंद होणारी ब्रा आणा. दुसऱ्या आठवड्यात माप, आणि टेलरला आधी नुसत्या अस्तराच्या कापडाचं कच्चं ब्लाउज शिवायला सांगा. कुरकुर करेल, त्याचे पैसे वेगळे द्या, पण बगल आणि बाही तिथेच कळते. चौथ्या आठवड्यापर्यंत पक्कं ब्लाउज हातात हवं, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. दोन्ही बाजूंना शिवणीत इंचभर कापड जास्त ठेवायला सांगा, पुढे अंग कमी-जास्त झालं तर कामी येतं.

आणि मग रंगीत तालीम. संध्याकाळीच करा, तयार व्हायच्या त्याच वेळी, कारण सांधे दिवसभरात सारखे नसतात, दुपारी ताजेतवाने असताना लागणारे हुक संध्याकाळी दमलेल्या बोटांना लागतीलच असं नाही. (कार्यक्रम सकाळचा असणाऱ्यांनी उठल्या-उठल्या करून बघावं, सकाळचा ताठरपणा वेगळाच असतो.) पूर्ण तयार व्हा, तासभर घरात वावरा, खाली बसून उठा, दोन जिने चढा, कोणाला मिठी मारल्यासारखे हात पुढे करा, आणि एकटीने बाथरूमला जाऊन या. परत आल्यावर आरशात बघा, काही सुटलंय का, ओढलंय का. ब्लाउज काढल्यावर बगलेत, छातीखाली आणि कमरेवर लाल वळ उठलेत का ते तपासा, जिथे वळ तिथे टेलरकडून अर्धा इंच सोडवून घ्या. हुक लावायला फार झटापट झाली तर कुठला हुक अडला ते लक्षात ठेवा. बहुतेक छातीपाशीचा असेल, तो काढून त्या जागी जरा मोठा लावला किंवा घर अर्धा बोट पुढे सरकवलं की झालं.

खांद्याचं मात्र एक, तो डॉक्टरांना दाखवून झालाय का ते तुम्ही लिहिलं नाही. हात मागे जाणं हळूहळू कमी होत चाललं असेल किंवा रात्री दुखण्याने झोप मोडत असेल तर दाखवून घ्या, कार्यक्रमाची वाट बघू नका. आणि त्या दिवशी पर्समध्ये दोन मोठ्या सेफ्टी पिना आणि सुई ओवून ठेवलेला जांभळा दोरा असू द्या. ओवून घरूनच न्या, तिथल्या उजेडात आपल्याला काही ओवता यायचं नाही.